जांगड मालाची मुदत

हस्तकलेच्या दुकानात कारागीर पहिल्यांदा माल घेऊन येतो तेव्हा बोलणे बहुतेक एकाच आकड्यावर होते. साठ-चाळीस की सत्तर-तीस? दुकानदार जागेचे भाडे सांगतो, कारागीर लाकडाचा आणि लाखेचा भाव सांगतो, थोडी ओढाताण होते, आणि कारागिराला साठ व दुकानाला चाळीस टक्के असे ठरते. मग दुकानदार म्हणतो, माल ठेवून जा, विकला की पैसे देऊ. व्यवहाराचे सगळे वजन या शेवटच्या वाक्यात आहे, आणि त्यावर मात्र कोणी घासाघीस करत नाही. विकला की पैसे, हे ठीक. पण विकलाच नाही तर? किती महिने वाट पाहायची, परत येताना माल कोणत्या अवस्थेत असेल, हरवला-फुटला तर भरपाई कोणाची, याची कलमे तोंडीही ठरत नाहीत. कारागिराच्या हाती खरोखर किती पडते हे टक्केवारीपेक्षा या न ठरलेल्या गोष्टींवर जास्त अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. जांगड मालाला मुदत नसेल तर सत्तर टक्केही तोट्याचे ठरू शकतात, आणि मुदत नीट बांधली तर साठ टक्क्यांत दोघांचेही भागते.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक वस्तू हातात घेऊन तपासू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळे, पाट, देव्हारे आणि लाखेच्या रंगातली भातुकली यांसाठी ओळखली जाते. तिथला भातुकलीचा एक संच पुण्यातल्या हस्तकलेच्या दुकानात ६०० रुपयांना विकायला ठेवला आहे, असे धरू. हिशेब समजावा म्हणून घेतलेले हे आकडे आहेत, कोणा एका दुकानाचे नाहीत. लाकूड, लाख, रंग आणि खोके मिळून कारागिराचे संचामागे १२० रुपये रोख जातात. बाकी जे उरेल ती त्याची आणि घरच्यांची मजुरी. दुकानाने संच रोखीने विकत घेतला तर ३०० रुपये देईल, म्हणजे विक्रीच्या किमतीच्या निम्मे. जांगडीवर ठेवला तर विकल्यावर कारागिराला ३६० मिळतील. एका संचामागे साठ रुपये जास्त, म्हणून जांगड फायद्याची वाटते. पण शंभर संच ठेवले आणि न विकलेल्यांची किंमत शून्य धरली, तर ३०,००० रुपयांची बरोबरी गाठायला शंभरातले ८४ संच विकले जावे लागतात. न विकलेला प्रत्येक संच धड परत आला आणि घरी जेमतेम दीडशेला गेला असे मानले, तरीही ७२ विकले जावे लागतात. कमी ओळखीच्या, सणासुदीला खपणाऱ्या वस्तूसाठी ही अपेक्षा फार मोठी आहे.

आता नेहमी घडते तसे घडू द्या. शंभर संच ठेवले, सहा महिन्यांत साठ विकले गेले. उरलेल्या चाळीसातले पंचवीस धड परत आले. दहांचा रंग उडाला किंवा तुकडे हरवले, आणि पाच कुठे गेले ते कोणालाच सांगता आले नाही. विकलेल्या साठांचे २१,६०० रुपये आणि परत आलेल्या पंचवीसांचे दीडशे दराने ३,७५० रुपये आले. परतीच्या पार्सलचे ६५० रुपये कारागिराने भरले. कच्च्या मालाचे १२,००० रुपये त्याने महिना दोन टक्क्यांनी उसने घेतले असतील आणि ते सरासरी चार महिने अडकले असतील, तर व्याजाचे ९६० गेले. हाती राहिले २३,७४० रुपये. त्यातून कच्चा माल वजा केला की शंभर संचांच्या मेहनतीचे ११,७४० रुपये, म्हणजे संचामागे जेमतेम ११७ रुपये उरतात. रोखीच्या विक्रीत हाच आकडा १८० होता. या अंतरात टक्केवारीचा भाग किती, ते पाहा. कारागिराने भांडून साठाऐवजी पासष्ट टक्के मिळवले असते, तर साठ संचांवर त्याला आणखी १,८०० रुपये मिळाले असते आणि मजुरी ११७ वरून १३५ वर गेली असती. उरलेली घट वाया गेलेल्या पंधरा संचांतून, अर्ध्या किमतीला गेलेल्या पंचवीस संचांतून आणि अडकलेल्या पैशांतून येते. टक्केवारी तिथपर्यंत पोचतच नाही.

दुकानाने शंभर संच रोखीने घेतले नसतेच, हा आक्षेप खरा आहे. रोखीने चाळीसच घेतले असते, आणि कारागिराला १२,००० रुपये देऊन मोकळे झाले असते. ज्याचे हात रिकामे आहेत, ज्याला दुसरे गिऱ्हाईक नाही, त्याला चाळीस संचांच्या ७,२०० रुपये मजुरीपेक्षा शंभर संचांचे ११,७४० बरेच वाटतील, आणि त्यात त्याची चूक नाही. जांगड त्याला काम पुरवते. पण ज्याच्याकडे मुंबईच्या प्रदर्शनाची किंवा गावातल्याच दुकानाची मागणी आहे, तो १८० रुपयांच्या ठिकाणी ११७ वर हात चालवत असतो. त्यात हंगामाची भर पडते. सावंतवाडीत मे महिन्यात पर्यटक येतात, गणपतीत चाकरमानी येतात. त्या आठवड्यांत घरच्या दुकानात जो संच पूर्ण किमतीला गेला असता, तो पुण्याच्या कपाटात अडकलेला असतो. म्हणून जांगडीची मुदत ठरवताना दिवसांसोबत पंचांगही समोर हवे. एप्रिलच्या अखेरीस परत येणारा माल आणि जूनच्या मध्यावर परत येणारा माल कारागिराच्या लेखी एकाच किमतीचा नसतो.

परत आलेला संच गेला तसाच असतो, हे गृहीतकही तपासले पाहिजे. कोकणच्या दमट हवेत कातलेले लाकूड पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते. झाकणे सैल होतात, जाड तुकड्यांना बारीक चिरा पडतात, आणि लाखेचा थर त्या चिरेवर सुटू लागतो. दर्शनी काचेत ठेवलेल्या संचाचा लाल-हिरवा रंग सतत उन्हात राहिल्याने फिका पडतो. भातुकलीचे आणखी एक दुखणे असे की दुकानात आलेली मुले संच हाताळतात, तो हाताळण्यासाठीच असतो, आणि त्यात बोटभर लांबीचे लाटणे किंवा पळी हरवते. मग उरलेले पंधरा-सोळा तुकडे धड असूनही संच विकता येत नाही. असा संच चितारआळीत परत आला तर कारागिराला एक लाटणे कातून, त्याच छटेची लाख लावून जुळवावे लागते, आणि जुन्या रंगाशी नवा रंग जुळणे अवघड असते. हरवलेल्या लाटण्याची किंमत दोन-चार रुपये दिसते. तिच्यामुळे अडकतात ते सहाशे रुपये.

या नुकसानीबद्दल कायदा काय सांगतो, ते कारागिरांपर्यंत सहसा पोचत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने एखाद्या सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या मालाची घेतली असती तेवढी काळजी घेतली पाहिजे. कलम १५२ म्हणते की वेगळा करार नसेल आणि एवढी काळजी घेतली असेल, तर माल गेला किंवा बिघडला तरी सांभाळणारा जबाबदार नाही. म्हणजे दुकानाला कुलूप होते, रात्री चोरी झाली, पंधरा संच गेले, तर तोंडी व्यवहारात तो तोटा बहुधा कारागिराचा. ‘वेगळा करार नसेल’ या तीन शब्दांतून सुटका आहे. दुकानात असताना हरवलेल्या, फुटलेल्या, उन्हाने बिघडलेल्या मालाची रोखीच्या दराने भरपाई दुकान देईल, असे एक वाक्य चलनावर लिहून त्याखाली दुकानदाराची सही घेतली की जबाबदारी फिरते. विम्याचेही तसेच आहे. अनेक आगविमा पॉलिसींमध्ये विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल स्पष्ट नमूद केल्याशिवाय संरक्षणात येत नाही. दुकानदार आपल्या दुकानाचा विमा आहे असे मनापासून सांगत असतो, आणि जांगड माल त्या विम्याबाहेर असतो. पॉलिसीत तसा उल्लेख आहे का, हे विचारून कागद पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता दुकानाची बाजू पाहू, कारण ती पोकळ नाही. पुण्यात चारशे चौरस फुटांच्या दुकानाचे भाडे, दोन माणसांचे पगार, वीज आणि किरकोळ खर्च मिळून महिना १,१०,००० रुपये जातात असे धरले, तर चाळीस टक्क्यांवर केवळ खर्च निघायला महिन्याला २,७५,००० रुपयांची विक्री लागते. तीस टक्के घेतले तर विक्री ३,६६,००० च्या पुढे न्यावी लागते. म्हणून दुकानदार चाळीसाखाली येत नाही, आणि त्याला लोभी म्हणण्यात अर्थ नाही. कारागीर संघटनांनी कमिशन कमी करा अशी मागणी करणे समजण्यासारखे आहे, पण ज्या दुकानाचे भाडे निघत नाही ते दुकान कारागिराच्या कामाचे नाही. प्रश्न आहे तो चाळीस टक्क्यांत दुकानाने कोणता धोका उचलायचा, हा.

माझ्या मते मुदत नसलेली जांगड दुकानालाही वाईट सवय लावते. माल फुकट मिळतो म्हणून दुकानदार निवड करत नाही. दहा संच पुरतील तिथे शंभर घेतो, कारण जास्त घेण्याचा त्याला काही खर्च दिसत नाही. कपाटे भरतात, गिऱ्हाइकाची नजर कशावरच ठरत नाही, आणि फुटामागची विक्री घसरते. काही माल रोखीने घेतलेला आणि काही जांगड असेल, तर नजरेच्या उंचीवरच्या फळीवर रोखीचा माल लागतो, कारण त्यात दुकानदाराचे पैसे अडकलेले असतात. जांगड माल खालच्या फळीवर किंवा आतल्या खोलीत जातो. इथे कोणी वाईट हेतूने वागत नाही. ज्याचा पैसा अडकतो त्याचे लक्ष त्या वस्तूवर राहते, एवढेच. मग सहा महिन्यांनी दुकानदार म्हणतो की तुमचा माल चालत नाही, आणि कारागिराकडे उत्तर नसते. कारण संच किती दिवस दर्शनी होता आणि किती दिवस खोक्यात होता, याची नोंदच नसते.

यावरचा उपाय आपल्याच कायद्यात दडलेला आहे. माल विक्री कायदा १९३० च्या कलम २४ मध्ये ‘पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत करा’ अशा अटीवर दिलेल्या मालाचा विचार आहे. परतीची मुदत ठरली असेल आणि त्या मुदतीत माल नाकारल्याचे कळवले नाही, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते, म्हणजे तो खरेदीदार होतो. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी कालावधीनंतर हेच घडते, पण वाजवी म्हणजे किती हे न्यायालयात सिद्ध करत बसण्यापेक्षा चलनावर तारीख असणे बरे. वस्तू आणि सेवा कराच्या कायद्यातही पसंतीवर पाठवलेल्या मालासाठी नोंदणीकृत पुरवठादाराने माल निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत बीजक करावे लागते. कायद्याच्या लेखी असा माल अनंत काळ लटकत राहू शकत नाही, तर व्यवहारात तरी तो का लटकावा? व्यवहार असा बांधता येतो: मुदत एकशेवीस दिवस. त्या दिवशी दुकानाने प्रत्येक न विकलेला संच मोजून, तपासून, स्वतःच्या खर्चाने परत करायचा. जो परत करता येत नाही, हरवला आहे, अपुरा आहे, किंवा जो दुकानाला ठेवायचा आहे, तो ३०० रुपयांना विकत घेतला असे धरायचे. कमिशन चाळीसच राहील.

याचा पहिला परिणाम माल घेतानाच दिसतो. परत पाठवण्याचा खर्च आपला आहे हे कळले की दुकानदार शंभर घेत नाही. महिन्याला दहा संच जातात हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो चाळीस घेतो आणि पुढे पंधरा-पंधरा दोनदा मागवतो. सहा महिन्यांत तेच साठ संच विकले गेले, दहा उरले, त्यातले सात धड परत आले आणि तिघांची भरपाई मिळाली. विक्रीचे २१,६००, परतीच्या सातांचे १,०५० आणि भरपाईचे ९०० मिळून २३,५५० रुपये झाले. सत्तर संचांचा कच्चा माल ८,४००, व्याजाचे पाचशे आणि जादा पार्सलांचे सहाशे वजा केले की १४,०५० उरतात. सत्तर संचांवर मजुरी पडली संचामागे दोनशे रुपये. ११७ वरून २००, तेही दुकानाच्या टक्केवारीला हात न लावता. दुकानाच्या कमिशनचे १४,४०० कायम राहिले, त्यातून भरपाईचे नऊशे आणि परतीच्या पार्सलचे दोनेकशे गेले. त्या बदल्यात दोन-तीन फळ्या रिकाम्या झाल्या आणि त्यांवर दुसऱ्या कोणाचा माल लागला. कपाटात कमी माल दिसला म्हणून विक्री घटून पन्नासवर आली आणि एकूण साठच संच लागले असे धरले, तरी कारागिराची मजुरी संचामागे १९४ च्या आसपास राहते.

दुकानदारांचा सर्वांत वजनदार आक्षेप नवख्या मालाबद्दल असतो. जो कारागीर ओळखीचा नाही, ज्याची वस्तू या शहरात कधी विकलीच नाही, तिचा धोका आम्ही उचलायचा ठरवला तर आम्ही नवे कारागीर घेणारच नाही, असे ते म्हणतील. हे खरे आहे, आणि कारागिरांनी ते मान्य करावे. पहिली खेप पूर्ण जांगडीवर असू द्यावी, पण ती लहान असावी: दहा-बारा संच, तीन महिने, भरपाईची अट मात्र तेव्हाही लागू. पहिल्या खेपेत खप कळतो, दुसऱ्या खेपेपासून मुदतीची अट लागते. दुकानदाराने चौथ्या वर्षीही माल नवखा म्हणून जांगडीवर मागितला, तर तो आपला साठा कारागिराच्या भांडवलावर चालवतो आहे, आणि त्याला तसे सांगायला हरकत नाही. उलट बाजूने, कारागिराने ठरवलेली किंमतच चुकीची असू शकते. साठ दिवसांत दर्शनी फळीवर असूनही एकही संच गेला नाही, तर दोष दुकानाचा नसतो, आणि अशा वेळी मुदत संपण्याची वाट न पाहता माल परत बोलावणे कारागिराच्याच हिताचे असते.

टक्क्यांबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, की कारागिराचा वाटा रुपयांत लिहावा. दिवाळीत दुकानाने वीस टक्के सूट लावली की ६०० चा संच ४८० ला जातो. साठ टक्के लिहिले असतील तर कारागिराला २८८ मिळतात, म्हणजे रोखीच्या ३०० पेक्षाही कमी, आणि सूट देण्याचा निर्णय त्याला विचारून घेतलेला नसतो. ‘संचामागे ३६० रुपये’ असे लिहिले असेल तर सूट दुकानाच्या वाट्यातून जाते आणि दुकानदार ती विचार करून देतो. कराचाही घोळ इथेच मिटतो. दुकान स्वतःच्या नावाने बिल करते आणि ६०० मध्ये पाच टक्के कर धरलेला आहे असे मानले, तर मूळ किंमत ५७१ रुपये होते. साठ टक्के कशावर, ६०० वर की ५७१ वर? उत्तराप्रमाणे कारागिराच्या हाती संचामागे सतरा रुपये कमी-जास्त पडतात, आणि वर्षभराच्या हिशेबात या सतरा रुपयांवरून नाती तुटतात.

उरतो विकलेल्या मालाच्या पैशांचा प्रश्न, आणि दुकान बुडण्याची पहिली खूण तिथेच दिसते. गल्ल्यात आलेल्या ६०० रुपयांपैकी ३६० दुकानाचे नसतात, पण भाड्याची तारीख आली की ते वापरले जातात. आधी महिन्याच्या दहा तारखेला येणारे पैसे पंचवीसला येऊ लागतात, मग पुढच्या महिन्यात. त्याच वेळी दुकानदार जुना हिशेब न देता नवा माल मागतो. कपाट भरलेले आणि हिशेब उशिरा, असे दोन महिने सलग दिसले की नवा माल थांबवून उरलेला मोजून आणावा. दुकान बंद पडल्यावर कपाटातला माल आपला आहे हे सिद्ध करायला कारागिराकडे सहीचे चलन नसेल, तर तो घेणेकऱ्यांच्या रांगेत सर्वांत मागे उभा राहतो. मालकी दुकानाकडे गेल्यावर, म्हणजे मुदत संपून माल खरेदी झाल्यावर, कारागीर साधा घेणेकरी उरतो हेही लक्षात ठेवले पाहिजे. माझ्या सुचवलेल्या व्यवहारातली ही खरी उणीव आहे, आणि म्हणून मुदत संपली की त्याच आठवड्यात मोजणी झाली पाहिजे. खरेदी ठरलेल्या मालाला मात्र एक आधार मिळतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. जांगडीवर पडून राहिलेल्या मालाची खरेदीच झालेली नसल्याने हे घड्याळ सुरूच होत नाही.

हे सगळे बसवायला संगणक लागत नाही. दोन प्रतींचे चलन पुरते. त्यावर संचाचा क्रमांक, नग, विक्रीची किंमत, कारागिराचा वाटा रुपयांत, आल्याची तारीख, मुदतीची तारीख आणि भरपाईचे ते एक वाक्य. प्रत्येक संचाच्या खोक्यावर तीच आल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे फळीवर नजर टाकली तरी कोणता संच मुरला आहे ते कळते. आतल्या झाकणावर तुकड्यांची यादी, म्हणजे परतीच्या वेळी लाटणे मोजता येते. महिनाअखेर विकलेल्या क्रमांकांचा कागद आणि दहा तारखेच्या आत पैसे. आज ज्या दुकानांत दोन-तीन वर्षांचा जांगड माल बिनतारखेचा पडून आहे, तिथे सुरुवात मोजणीपासून करावी लागेल. दोघांनी मिळून धड, अपुरे आणि हरवलेले असे तीन ढीग करावेत. धड माल त्या दिवसाची तारीख लावून नव्या चलनावर चढवावा, अपुरा कारागिराने परत न्यावा, आणि हरवलेल्याचा निम्मा-निम्मा तोटा वाटून घ्यावा. जुना हिशेब लिहिलेलाच नसल्याने यापेक्षा न्याय्य वाटणी कोणाला सिद्ध करता येणार नाही. ही मोजणी दिवाळीची विक्री उरकल्यावर, नाताळच्या आधी करणे सोयीचे. तेव्हा दुकानाकडे पैसे असतात, आणि सावंतवाडीला परत गेलेल्या संचांना पुढचा मे महिना मिळतो.